अनोळखी भाषेतलं ॲप परवानग्या मागतंय: स्क्रीनच्या फोटोवरून काय ओळखायचं, काय नाकारायचं

घरातलं कुणीतरी फोनच्या स्क्रीनचा फोटो पाठवतं आणि खाली एकच ओळ असते: "हे काय मागतंय? दाबू का?" फोटोत ओळखू न येणारी लिपी, चारपाच चित्रं आणि तळाशी एक ठळक रंगाचं बटण. अशा फोटोंबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं अँड्रॉइड फोनसाठी आहेत, आयफोनचा प्रश्न शेवटाकडे आहे.

फोटोतलं एक अक्षरही वाचता येत नाही. सुरुवात कुठून करायची?

आधी फोटो पाठवणाऱ्याला विचारा, "तुझा फोन एरवी कोणत्या भाषेत आहे?" भाषांतराच्या मागे लागण्यापूर्वी हे कळलं तर निम्मं काम होतं.

अँड्रॉइडमध्ये परवानगी विचारणारी खरी चौकट ॲप स्वतः काढत नाही, फोनची प्रणाली काढते. त्यामुळे ती चौकट फोनच्या भाषेत येते. ॲप कोरियन असो की अरबी, फोन मराठीत असेल तर "अनुमती द्या" आणि "अनुमती देऊ नका" ही बटणं मराठीतच दिसणार. म्हणजे फोन मराठीत किंवा इंग्रजीत आहे आणि फोटोतलं सगळं पान तिसऱ्याच भाषेत आहे, तर ते पान ॲप बनवणाऱ्यानं स्वतः रंगवलेलं आहे. त्यावर काय लिहायचं, कोणतं चित्र लावायचं, काय लपवायचं हे सगळं त्याच्या हातात असतं. ती त्याची प्रस्तावना आहे. खरा प्रश्न फोन त्यानंतर विचारतो, आणि तो तुम्हाला वाचता येतो.

मग त्या पानावरचं मोठं बटण दाबलं तर परवानगी दिली गेली का?

नाही. फोनबुक, मेसेज, कॅमेरा यांची परवानगी त्या बटणानं दिली जात नाही, पुढे येणाऱ्या फोनच्या चौकटीत "हो" म्हटल्यावरच दिली जाते. त्या बटणानं फार तर ॲपच्या अटी मान्य केल्या असं होतं. तीही लहान गोष्ट नाही, कारण तुम्ही ॲपला स्वतःहून दिलेली माहिती कुठे जाणार हे त्या अटींतच लिहिलेलं असतं.

एक सवय मात्र इथे घात करते. पहिल्या पानावर "हो" दाबलं की पुढच्या चौकटी धडाधड येतात आणि माणूस त्याच लयीत "हो, हो, हो" करत जातो. ॲपवाल्याला नेमकं तेच हवं असतं. म्हणून फोटो पाठवणाऱ्याला एवढं सांगा की पहिल्या पानानंतर येणाऱ्या प्रत्येक चौकटीवर थांब आणि ती मला वाचून दाखव.

पण फोनच त्या परक्या भाषेत असेल तर?

कामाच्या ठिकाणी मिळालेला, दुसऱ्याचा किंवा वापरलेला फोन असला की असं होतं. मग बटणांची मांडणी बघायची. अँड्रॉइड ११ पासून बटणं एकाखाली एक येतात आणि नकाराचं बटण सगळ्यात खाली असतं. मेसेज, फोनबुक, कॉल यांसाठी दोनच बटणं असतात. लोकेशन, कॅमेरा आणि माइकसाठी तीन असतात: ॲप वापरताना, फक्त या वेळी, आणि नकार. लोकेशनच्या चौकटीत अँड्रॉइड १२ पासून नकाशाची दोन गोल चित्रं दिसतात, एक अचूक जागेसाठी आणि एक ढोबळ जागेसाठी. ती दिसली की बाकी काही वाचावं लागत नाही. जुन्या फोनवर, म्हणजे अँड्रॉइड ६ ते ९ मध्ये, बटणं शेजारी-शेजारी असतात, डावीकडे नकार आणि उजवीकडे होकार. अरबी किंवा हिब्रूसारख्या उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषेत ही बाजू उलटते.

खात्री वाटत नसेल तर कुठलंच बटण न दाबता होम स्क्रीनवर यायचं. त्यानं कुठलीही परवानगी दिली जात नाही. मग सेटिंग्जमध्ये गोल पृथ्वीचं किंवा अक्षराचं चित्र शोधून भाषा बदलायची. तिथल्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलेलं असतं, त्यामुळे "मराठी" हा शब्द सापडतो.

कोणत्या चित्राचा अर्थ काय?

फोनच्या खऱ्या चौकटीत सगळ्यात वर एक छोटं चित्र असतं. नकाशावरची टाचणी म्हणजे लोकेशन, बोलण्याचा फुगा म्हणजे मेसेज, माणसाचं डोकं-खांदे म्हणजे फोनबुक, रिसीव्हर म्हणजे कॉल करणं आणि कॉलची स्थिती, घंटी म्हणजे सूचना, डोंगराचं चित्र म्हणजे फोटो, फोल्डर म्हणजे फायली. हात पसरून उभा असलेला माणूस दिसला तर ते ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह. फोटो चाळताना हे शेवटचं चिन्ह आधी शोधा. का, ते पुढे येईल.

ॲपनं स्वतः रंगवलेल्या पानावर मात्र चित्रांवर विसंबू नका. घंटीच्या चित्राखाली मेसेज वाचण्याची मागणी लपवणं त्याला सहज जमतं.

कोरियन ॲपमध्ये तर उघडल्या उघडल्या परवानग्यांची लांब यादी येते. हे संशयास्पद आहे का?

उलट, कोरियन ॲपमध्ये ती यादी असणं अपेक्षित आहे. दक्षिण कोरियात मार्च २०१७ पासून कायद्यानं बंधन आहे की ॲपनं कोणत्या परवानग्या आवश्यक आणि कोणत्या ऐच्छिक हे वापरणाऱ्याला वेगवेगळं सांगायचं. म्हणून तिथल्या बँकेपासून नकाशापर्यंत जवळजवळ प्रत्येक ॲपचं पहिलं पान असं दिसतं. त्यावर दोन मथळे शोधा: 필수 म्हणजे आवश्यक आणि 선택 म्हणजे ऐच्छिक. ऐच्छिक गटातलं काहीही नाकारलं तरी ॲप वापरता येतं, असं वाक्यही बहुधा तळाशी बारीक अक्षरात असतं.

या पानाचा खरा उपयोग "आवश्यक" गट बघण्यात आहे. साध्या ॲपमध्ये तो गट अगदी छोटा असतो, कधी रिकामाही असतो. गाणी ऐकवणाऱ्या ॲपनं फोनबुक आणि मेसेज 필수 खाली टाकले असतील, तर पान कितीही रीतसर दिसलं तरी त्याला कारण विचारायला हवं.

कोरियन फोनवरच्या बटणांत एक फसवी जागा आहे. 허용 म्हणजे परवानगी द्या, आणि 허용 안함 म्हणजे देऊ नका. जपानीत 許可 आणि 許可しない, चिनीत 允许 आणि 不允许. तिन्ही भाषांत नकाराच्या बटणात होकाराचा शब्द पूर्णच्या पूर्ण असतो. घाईत मिळतंजुळतं अक्षर शोधणारा इथे चुकतो. या तीन जोड्यांत लांब असलेला शब्द नकाराचा, एवढं ध्यानात ठेवा.

सगळ्यात धोक्याच्या परवानग्या कोणत्या?

लोक कॅमेरा आणि माइकला सगळ्यात जास्त घाबरतात. ती भीती समजण्यासारखी आहे, पण अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू झाला की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, आणि "फक्त या वेळी" हा पर्यायही असतो. पैसे जातात ते बहुतेक दुसऱ्याच वाटेनं, आणि त्या वाटेवर अशी कुठलीही खूण दिसत नाही.

पहिली वाट म्हणजे मेसेज. ही परवानगी मिळालेलं ॲप बँकेचा ओटीपी तुमच्या आधी वाचू शकतं. गूगलनं २०१९ पासून प्ले स्टोअरवरच्या बहुतेक ॲपना मेसेज आणि कॉल लॉग मागायला बंदी घातली आहे. मेसेज पाठवणं-वाचणं हेच ज्याचं काम आहे अशा ॲपना आणि मोजक्या अपवादांना ती मिळते. म्हणून एखादं खेळाचं किंवा फोटो सजवण्याचं ॲप मेसेज मागत असेल, तर ते स्टोअरबाहेरून आलं असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरी वाट सूचना वाचण्याची. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. अँड्रॉइड १३ पासून ॲप घंटीच्या चित्रासह विचारतं की मी तुम्हाला सूचना दाखवू का. ते निरुपद्रवी आहे, फार तर कटकट होईल. दुसरी मागणी आहे इतर सगळ्या ॲपच्या सूचना वाचण्याची. ती दिली की मेसेजची परवानगी नसतानाही ओटीपी सूचनेतून वाचता येऊ शकतो. फरक ओळखणं सोपं आहे: पहिली छोट्या चौकटीत येते, दुसरीसाठी फोन तुम्हाला सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीवर नेतो आणि तिथला खटका सरकवावा लागतो.

तिसरी वाट ॲक्सेसिबिलिटीची, आणि माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा ही जास्त धोक्याची. ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट हलवता येत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय बनवली आहे. ॲप स्क्रीनवरचं वाचून दाखवतं आणि माणसाच्या वतीनं बटणं दाबतं. तीच ताकद चोराच्या ॲपला मिळाली की ते तुमची टायपिंग वाचतं, बँकेचं ॲप उघडतं आणि पुढच्या परवानग्यांची "हो" बटणंही स्वतःच दाबतं. म्हणून हल्ली फसव्या ॲपना सगळ्यात जास्त हीच हवी असते. फोटोत तिची खूण म्हणजे पूर्ण नियंत्रण देण्याबद्दल विचारणारी मोठी चौकट. त्यात दोन मुद्दे असतात, एक स्क्रीन पाहण्याबद्दल आणि एक तुमच्या वतीनं कृती करण्याबद्दल. काही कंपन्यांच्या फोनवर बटणात सेकंद उलटे मोजणारा आकडाही दिसतो. तो आकडा फोननं तुम्हाला विचार करायला दिलेला वेळ आहे.

तिच्या जोडीला बहुधा इतर ॲपच्या वर आपलं पान दाखवण्याची परवानगी मागितली जाते. तिच्यामुळे बँकेच्या ॲपवर हुबेहूब तसंच लॉगिनचं खोटं पान पसरता येतं.

एखादं उदाहरण पूर्ण उलगडून सांगाल का?

समजा मावशीनं फोटो पाठवला. तिचा फोन मराठीत आहे. तिला मेसेज आला की तुमचं पार्सल अडकलं आहे, लिंकवरून ॲप घ्या. ॲप उघडल्यावर परक्या लिपीत पाच ओळी दिसल्या: घंटी, टाचणी, फुगा, माणसाचं डोकं, आणि शेवटी हात पसरलेला माणूस. खाली एकच हिरवं बटण, नकाराचं बटण कुठेच नाही.

फोन मराठीत आहे, म्हणजे हे पान ॲपनं रंगवलं आहे. ते लिंकवरून आलं, स्टोअरमधून नाही. आता पार्सल कुठे पोहोचलं हे दाखवायला काय लागतं? पार्सलचा क्रमांक आणि इंटरनेट. घंटी ठीक, पार्सल आलं की कळेल. टाचणीची गरज नाही, कारण हलतंय पार्सल, मावशी घरीच आहे. फुगा म्हणजे मेसेज, त्याचा पार्सलशी संबंध नाही. फोनबुक तर मुळीच नको. आणि पार्सलच्या ॲपला मावशीच्या वतीनं बटणं दाबण्याचं काही कारण नाही.

हे कल्पनेतलं भय नाही. २०२१ मध्ये अनेक देशांत पसरलेला फ्लूबॉट हा चोरटा प्रोग्राम असाच चालायचा. पार्सलच्या नावानं मेसेज, लिंकवरून ॲप, मग ॲक्सेसिबिलिटीची मागणी. मग तो बँकेचे तपशील चोरायचा आणि फोनबुकमधल्या नंबरांवर तोच मेसेज पाठवायचा. एकाच्या चुकीनं त्याच्या ओळखीचे सगळे सापळ्यात यायचे. त्याचं जाळं तोडल्याचं युरोपातल्या पोलिसांच्या युरोपोल या संस्थेनं जून २०२२ मध्ये जाहीर केलं, पण ही पद्धत आजही वापरली जाते.

मावशीला उत्तर: "काही दाबू नकोस. ॲप बंद कर आणि काढून टाक. पार्सल खरंच यायचं असेल तर जिथून मागवलंस तिथेच जाऊन बघ."

पानावर सेटिंग्जचं चित्र, बाण आणि बोट दाखवणारा हात आहे. तो काय सांगतोय?

ॲपला सरळ चौकटीतून मागता न येणारी परवानगी हवी आहे, म्हणून ते तुम्हाला सेटिंग्जमध्ये पाठवतंय. चांगली ॲपही कधी कधी असं करतात, उदाहरणार्थ फोटोंची राखीव प्रत ठेवणारं ॲप बॅटरीची बंधनं काढायला सांगतं. म्हणून बाण कोणत्या खटक्याकडे जातो ते बघा.

एक पान मात्र दिसताच थांबायला सांगावं. त्यात ॲपच्या माहितीचं पान असतं आणि बाण वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांकडे असतो. अँड्रॉइड १३ पासून स्टोअरबाहेरून घेतलेल्या ॲपना ॲक्सेसिबिलिटी आणि सूचना वाचण्याचा खटका करडा, न सरकणारा दिसतो. तीन ठिपक्यांमागे ते बंधन उठवण्याचा पर्याय असतो. थोडक्यात, फोननं लावलेलं कुलूप तुमच्याच हातून काढायला लावलं जातंय.

फोनबुक, फोटो, लोकेशन यांचं काय?

ॲपच्या कामावर अवलंबून आहे. चॅटच्या ॲपला फोनबुक लागतं, कॅल्क्युलेटरला नाही. कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनबुक किंवा फोटो मागितले तर सरळ नकार द्या. वसुलीसाठी नातेवाइकांना धमकावण्याचे आणि फोटो वापरून बदनामी करण्याचे प्रकार इतके झाले की गूगलनं मे २०२३ अखेरपासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपना हे दोन्ही मागायला मनाई केली. फोटोंसाठी अँड्रॉइड १४ मध्ये निवडक फोटोच द्यायचा पर्याय आहे, तो वापरा. लोकेशन द्यायचंच असेल तर ॲप वापरतानाच, आणि हवामानासारख्या कामाला ढोबळ जागा पुरते.

ॲप म्हणतं, परवानगी दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मग?

आधी नाकारून बघा. पुष्कळ ॲप तसं लिहितात आणि नाकारल्यावर निमूटपणे चालतात. नंतर गरज पडलीच तर सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ते ॲप, मग परवानग्या, या वाटेनं केव्हाही देता येते. ती यादी फोनच्या भाषेत असते, त्यामुळे ॲपनं प्रत्यक्षात काय मागितलंय हे परक्या पानापेक्षा तिथे जास्त खरं कळतं.

फोटो कसा काढून पाठवायला सांगू?

जमलं तर स्क्रीनशॉट. काही ॲप, विशेषतः बँकेची, तो घेऊ देत नाहीत, मग दुसऱ्या फोननं समोरून सरळ फोटो. वरच्या घड्याळाच्या पट्टीपासून खालच्या बटणांपर्यंत सगळं यायला हवं, कारण महत्त्वाचं वाक्य बहुधा बटणाच्या वर करड्या बारीक अक्षरात असतं. पान खाली सरकत असेल तर उरलेल्या भागाचाही फोटो हवा. ओटीपी किंवा खाते क्रमांक दिसत असेल तर झाकून पाठवायला सांगा. आणि सोबत दोन गोष्टी लिहून हव्यात: ॲप कशासाठी घेतलं आणि कुठून घेतलं. त्यांच्याशिवाय कितीही स्पष्ट फोटो असला तरी धोका सांगता येत नाही.

कॅमेऱ्यानं भाषांतर करणाऱ्या ॲपवर विसंबायचं का?

विषय कळायला ते पुरेसं असतं. बटणांसाठी मात्र नाही. छोट्या तुटक शब्दांत "नको" गळून पडतं, आणि "नेहमी" व "वापरताना" यांची अदलाबदल होते. बारीक करडी अक्षरं तर बऱ्याचदा सुटूनच जातात. भाषांतर आणि बटणांची मांडणी यांचा मेळ बसला नाही तर मांडणीवर विश्वास ठेवा.

आयफोनवर हे वेगळं असतं का?

तिथेही चौकट फोनच काढतो, पण मधली बारीक अक्षरातली कारण सांगणारी ओळ ॲपवाल्यानं लिहिलेली असते. म्हणून बाकी चौकट ओळखीच्या भाषेत आणि मधलीच ओळ परक्या भाषेत असं दिसू शकतं. ती ओळ म्हणजे ॲपवाल्याचं म्हणणं. निर्णय वरच्या ठळक ओळीवरून घ्या. आयफोनवर मेसेज वाचण्याची परवानगी ॲपना मागताच येत नाही, त्यामुळे तिथे मुख्य प्रश्न फोटो, फोनबुक आणि लोकेशन यांचाच असतो.

फोटो यायच्या आधीच सगळ्याला "हो" म्हटलं गेलंय. आता काय करायचं?

मेसेज किंवा फोनबुक दिलं असेल तर ॲप काढून टाका. आधी वाचलं गेलेलं परत येत नाही, पण पुढचं थांबतं.

ॲक्सेसिबिलिटी दिली असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी विमान मोड चालू करा आणि वायफायही बंद असल्याची खात्री करा, म्हणजे बाहेरून कुणाला फोन चालवता येणार नाही. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवायला सांगा. त्यानंतर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन त्या ॲपचा खटका बंद करा आणि ॲप काढा. काढायला गेलं की सेटिंग्जचं पान आपोआप मिटत असेल, तर ते ॲपच तुमच्या वतीनं बटणं दाबतंय. अशा वेळी फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. पुष्कळ फोनवर पॉवरचं बटण धरून "बंद करा" या पर्यायावर बोट दाबून ठेवलं की ते विचारलं जातं. सेफ मोडमध्ये फोन घेतल्यानंतर टाकलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे ते काढता येतं. तरीही निघत नसेल तर फोनवर जादा अधिकार मिळालेल्या ॲपच्या, म्हणजे डिव्हाइस ॲडमिनच्या यादीत त्याचा खटका आहे का बघा, तो बंद केल्यावर निघतं. तिथेही अडलं तर फोन पूर्ण पुसून नव्यानं सुरू करायचा.

पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या फोनवरूनच, आणि हा फोन साफ होईपर्यंत नवा पासवर्ड त्यावर टाकायचा नाही.